एका माणसाला महिन्याला किती? तांदूळ, डाळ, तेल, साखर आणि पिठाचा ताटापासून हिशेब

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये घराघरांना स्वयंपाकाचं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. ऐकायला सोपं आहे. पण दहा टक्के कशाचे? वाण्याकडून महिन्याला तेलाच्या किती पिशव्या येतात हे बहुतेक घरांना माहीत असतं. त्यातलं माणशी किती गेलं, हे मात्र सांगता येत नाही. महिन्याभरात घरचं माणूस किती वेळा बाहेर जेवलं, पाहुण्यांची किती पानं वाढली, पिशवीत नेमकं किती तेल होतं, हे कुणी मोजलेलं नसतं.

तांदूळ, डाळ, पीठ आणि साखरेचंही तसंच. नवीन घर मांडणारी मंडळी कुणाला तरी विचारतात, “महिन्याला किती भरायचं?” एक जण सांगतो माणशी पाच किलो तांदूळ, दुसरा सांगतो दीड किलो पुरे. दोघंही खरं बोलत असतात. पहिला रत्नागिरीचा असतो, दुसरा नगरचा. म्हणून आयता आकडा उचलण्यापेक्षा तो कसा निघतो हे समजून घेतलेलं बरं. एकदा पद्धत कळली की अर्ध्या तासात आपल्या घराचा आकडा काढता येतो.

## तांदूळ आणि पीठ वेगळे मोजू नका

यादी करताना सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. माणशी पाच किलो तांदूळ एका ठिकाणी वाचलेलं असतं, माणशी पाच किलो कणीक दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही लिहिलं की दहा किलो धान्य झालं, वर पोहे-रवा वेगळाच. बैठं काम करणारा माणूस एवढं खात नाही. पाच किलो तांदूळ खाणारा पाच किलो कणीक खात नसतो, कारण भात वाढला की पोळी कमी होते.

म्हणून आधी धान्याची एकूण बेरीज ठरवायची. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, पोहे, रवा हे सगळं त्यात आलं. मग ती आपल्या घरच्या खाण्याप्रमाणे वाटायची.

बेरीज किती धरायची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शिका काढली. दिवसाला २००० कॅलरीच्या आहारात तिने सगळ्या प्रकारचं धान्य मिळून २५० ग्रॅम धरलं आहे. वजन कच्च्या धान्याचं. महिन्याला ते साडेसात किलो होतं.

प्रत्यक्षात लोक किती खातात? २०२२-२३ च्या सरकारी घरगुती खर्च सर्वेक्षणात धान्याचा माणशी मासिक खप ग्रामीण भागात ९.६१ किलो आणि शहरी भागात ८.०५ किलो निघाला. ही सरासरी लहान मुलं धरून आहे, म्हणजे प्रौढ माणसाचा आकडा त्याहून थोडा जास्तच.

मार्गदर्शिकेचे साडेसात आणि गावाकडचे साडेनऊ यांत दोन किलोंचा फरक पडतो तो कुठून? मार्गदर्शिकेच्या ताटात धान्याशिवाय ३०० मिली दूध, ३५ ग्रॅम शेंगदाणे-बदाम-तीळ असं काही आणि ४०० ग्रॅम भाजी आहे. ज्या घरात यातलं निम्मंच पडतं, तिथे उरलेली भूक पोळी-भातच भागवतात. दूध आणि दाणे मिळून साधारण ४०० कॅलरी होतात. त्यातल्या निम्म्या जरी गेल्या, तरी त्या भरून काढायला दिवसाला साठेक ग्रॅम धान्य जास्त लागतं, म्हणजे महिन्याला जवळपास दोन किलो. घरी दूध-दाणे भरपूर असतील तर साडेसात किलोपासून सुरुवात करा, नसतील तर नऊ किलोपासून. धान्य कमी खायचं ठरवून यादीत आकडा उतरवायचा आणि दूध, डाळ, भाजी मात्र वाढवायची नाही, असं केलं तर वीस तारखेला पीठ संपतं.

रेशनचं धान्यही याच बेरजेत धरायचं. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. गहू-तांदळाचं प्रमाण वेळोवेळी बदलतं, पण माणशी पाच किलो म्हणजे साधारण निम्म्याहून थोडी जास्त गरज. वरचे तीन-चार किलो दुकानातून किंवा शेतातून यावेच लागतात.

## किलोवरून ताटावर

स्वयंपाकघरात कुणी २५० ग्रॅम धान्य मोजत नाही. तिथे पोळ्या आणि वाट्या असतात, म्हणून पुढचे आकडे एकदा आपल्या घरी ताडून घ्या. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो.

एका फुलक्याला २५ ग्रॅमच्या आसपास कणीक लागते. मध्यम घडीच्या पोळीला ३० ग्रॅम, हात सढळ असेल तर ४०. ज्वारीची भाकरी ६० ते ८० ग्रॅम पिठाची होते. मोजायला सोपी युक्ती अशी, की अर्धा किलो कणीक वजन करून भिजवायची आणि तिच्या नेहमीच्या आकाराच्या किती पोळ्या झाल्या ते पाहायचं. सतरा झाल्या तर पोळी ३० ग्रॅमची, तेरा झाल्या तर जवळपास ३८ ग्रॅमची. हा फरक किरकोळ दिसतो, पण दिवसाला पाच पोळ्या खाणाऱ्या माणसाच्या हिशेबात महिन्याला सव्वा किलो कणीक इकडची तिकडे होते.

भाताचं गणित असं, की ६० ग्रॅम तांदळाचा शिजून १५० ते १८० ग्रॅम भात होतो. पोळ्यांनंतर थोडा भात घेणाऱ्याला तो पुरतो. नुसता भात-आमटीच जेवणाऱ्याला १०० ते १२० ग्रॅम तांदूळ लागतो. नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि कमी फुगतो, म्हणून पातेलं नेहमीइतकं भरायला मूठभर जास्त घातला जातो. नव्या इंद्रायणीचं पोतं अपेक्षेपेक्षा लवकर संपलं तर कुणी चोरलेलं नसतं.

डाळीत साध्या वरणाला माणशी २५ ते ३० ग्रॅम पुरते. उसळीला ४० ग्रॅम कोरडं कडधान्य लागतं, मोड आल्यावर ते दुपटीच्या आसपास जातं. पिठल्याला माणशी ३० ग्रॅम बेसन.

वाटी हे माप धोक्याचं आहे, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी. १५० मिलीच्या वाटीत साधारण १२५ ग्रॅम तांदूळ मावतो, पण बाजारात शंभर मिलीपासून दोनशे मिलीपर्यंत सगळ्या वाट्या ‘वाटी’च असतात. घरातली एक वाटी नेमायची, तिच्यात तांदूळ तीनदा भरून तीनदा वजन करायचं, सरासरी डब्याच्या झाकणावर लिहून ठेवायची. तीच वाटी डाळीलाही वापरली तर डाळीचं वजन वेगळं करून लिहायचं.

## एका माणसाचा पूर्ण महिना

समजा, पुण्यात एकटा राहणारा, बैठं काम करणारा माणूस आहे. सोमवार ते शनिवार घरून डबा नेतो. रविवारी दुपारी बाहेर जेवतो आणि आठवड्यात एक रात्रही बाहेर होते. महिना तीस दिवसांचा धरू. त्यात घरच्या दुपारी २६ आणि घरच्या रात्री २६.

डब्यात तीन पोळ्या, म्हणजे ९० ग्रॅम कणीक. रात्री दोन पोळ्या आणि थोडा भात, म्हणजे ६० ग्रॅम कणीक आणि ६० ग्रॅम तांदूळ. यातल्या चार रात्री पोळ्या न करता खिचडी होते, तेव्हा कणीक शून्य आणि तांदूळ ११० ग्रॅम. सकाळी नाश्त्याला रोज ५० ग्रॅमच्या आसपास धान्य लागतं. वीस दिवस पोहे किंवा उपमा, दहा दिवस थालीपीठ किंवा धिरडं.

कणकेची बेरीज करू. डब्याची २३४० ग्रॅम, रात्रीची २२ दिवसांची १३२० ग्रॅम, नाश्त्याच्या पिठाची ५०० ग्रॅम. सगळी मिळून ४१६० ग्रॅम, म्हणजे सव्वाचार किलो पीठ धरायला हरकत नाही. तांदूळ २२ रात्रींचा १३२० आणि खिचडीचा ४४०, असा १७६० ग्रॅम. पावणेदोन किलो. पोहे आणि रवा मिळून एक किलो. एकूण धान्य सात किलोला थोडं कमी भरतं. आठ जेवणं बाहेर झाली नसती तर ते पावणेआठ किलोच्या आसपास गेलं असतं, म्हणजे मार्गदर्शिकेच्या साडेसातला लागूनच.

डाळीत निम्म्या डब्यांत उसळ आहे असं धरलं तर १३ उसळींचं कडधान्य ५२० ग्रॅम होतं. २२ रात्री वरण किंवा आमटी, त्याची ६६० ग्रॅम डाळ. चार खिचड्यांची १६० ग्रॅम. महिन्यातून चार-पाचदा पिठलं किंवा झुणका, त्याचं बेसन दीडशे ग्रॅम. सगळं मिळून दीड किलो. यात तूरडाळ पाऊण किलो घेतली तर पुरते, मूगडाळ पाव किलो. बाकी मटकी, मूग, चवळी आणि बेसन.

तेल आणि साखरेचा हिशेब थोडा वेगळा आहे, तो पुढे येतो. या माणसाचा आकडा एवढाच सांगतो की तेल ९०० मिलीच्या आत बसतं आणि साखर ६०० ग्रॅम लागते.

हाच माणूस मालवणला किंवा पणजीला दोन्ही वेळा भात जेवत असेल, तर तांदूळ पाच-साडेपाच किलोवर जातो आणि पीठ एक-सव्वा किलोवर येतं. बेरीज सात किलोच राहते. सोलापूरकडे कणकेच्या जागी ज्वारीचं पीठ येतं. डब्यातल्या तीन पोळ्यांऐवजी दीड भाकरी मोजायची, वजन जवळपास तेवढंच.

## “पण डाळ तर ८५ ग्रॅम सांगतात!”

ही शंका रास्त आहे. त्याच मार्गदर्शिकेत डाळी-कडधान्यांसाठी दिवसाला ८५ ग्रॅम आहेत, आणि अंडी-मासे-मटण खाणाऱ्यांसाठी ते त्याच ८५ ग्रॅममध्ये बसतात. महिन्याला अडीच किलो. आपल्या उदाहरणात दीडच किलो निघाली.

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. किती खायला हवं हा एक, आणि आत्ता जे शिजतं त्याला किती लागतं हा दुसरा. यादी दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने करायची. जेवण तेच ठेवून डाळ अडीच किलो आणली, तर महिन्याअखेरीस किलोभर उरते, पुढच्या महिन्यात दोन किलो होते आणि पावसाळ्यात तिला कीड लागते. अंडी किंवा मासे घरात नियमित येत नसतील, तर डाळ खरोखर वाढवायला हवी. त्यासाठी आधी स्वयंपाक बदलावा लागतो. वरण पातळ न करता माणशी ४० ग्रॅमचं केलं, उसळ आठवड्यात तीनदा होते ती पाचदा केली आणि नाश्त्याच्या दहा पिठांच्या दिवसांत मूगडाळीचं धिरडं आणलं, की दोन किलोवर सहज पोचता येतं. यादी मग आपोआप वाढते.

## तेल: माणसं दुप्पट झाली तरी तेल दुप्पट होत नाही

मार्गदर्शिकेत तेल-तूप-लोणी सगळं मिळून दिवसाला २७ ग्रॅम आहे. महिन्याला ८१० ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणून ८१० ग्रॅम म्हणजे ८९० मिली. घरात तूप वापरत असाल तर ते यातून वजा करा. रोज एक चमचा तूप म्हणजे महिन्याला दीडशे ग्रॅम, आणि तेल पावणेसातशे ग्रॅमच्या आत राहायला हवं.

पुण्याच्या माणसाचं तेल असं जातं. डब्याच्या भाजीच्या फोडणीला दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली, पोळ्यांना ४ मिली. रात्री आमटीच्या फोडणीला आणि पोळ्यांना मिळून ८ मिली. नाश्त्याला ७ मिली. महिन्याचं ७८० मिली होतं. एकदा भजी किंवा पुऱ्या तळल्या की शंभर मिली आणखी. बाहेरच्या आठ जेवणांतलं तेल यात नाही आणि ते कमी नसतं. म्हणून ८८० मिली हा आकडा बाहेर न जेवणाऱ्यासाठी ठीक आहे, बाहेर खाणाऱ्याने घरचं तेल साडेसातशे मिलीपर्यंत आणलं तर मार्गदर्शिकेशी मेळ बसतो.

आता घरात चार माणसं असतील तर ८८० ला चारने गुणू नका. फोडणीचं तेल कढईचा तळ झाकायला लागतं. एकाच्या भाजीला १० मिली लागतं, पण चौघांच्या भाजीला ४० लागत नाही, २५ ते ३० मिलीत फोडणी नीट होते. चौघांच्या घराला तीन लिटरच्या आत तेल पुरलं पाहिजे. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर पोळ्या, तळण किंवा भाजीवर दिसणारी तर्री यांपैकी एक जागा शोधावी लागेल. पीठ आणि तांदूळ मात्र माणसांच्या प्रमाणातच वाढतात, तिथे गुणाकार चालतो.

देशाचा माणशी खप वर्षाला १९ ते २० किलो, म्हणजे महिन्याला १.६ किलो सांगितला जातो. तो पाहून आपलं घर फारच काटकसरी आहे असं समजू नका. त्या आकड्यात हॉटेल, फरसाण, बिस्किटं आणि बेकरीतलं तेलही येतं. घरच्या कढईतल्या तेलाशी त्याची थेट तुलना होत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. तेलाची पिशवी एक लिटरचीच असते असं समजू नका. ९१० ग्रॅमच्या शेजारी ८५० किंवा ८०० ग्रॅमचीही पिशवी त्याच आकारात मिळते. ‘आमची एक पिशवी महिनाभर जायची, आता पंचवीस दिवस जाते’ अशी तक्रार असेल तर आधी मागे छापलेलं वजन वाचा.

## साखर मोजायची तर कप मोजा

साखरेचा खप जेवणाशी फारसा जोडलेला नसतो, तो चहाशी असतो. चहाचा सपाट चमचा ५ ग्रॅमचा, शिगोशीग भरला तर ७-८ ग्रॅमचा. दिवसाला दोन कप, प्रत्येकी दीड चमचा, म्हणजे १५ ग्रॅम, महिन्याला ४५० ग्रॅम. शिरा, सरबत, कोशिंबिरीतली चिमूट असं दीडशे ग्रॅम. झाली ६०० ग्रॅम. आरोग्याच्या दृष्टीने दिवसाला २५ ग्रॅमची मर्यादा सांगितली जाते, म्हणजे महिन्याला ७५० ग्रॅम. गूळही त्याच मर्यादेत येतो. साखर अर्धा किलोवर आणली आणि गूळ एक किलो आणला, तर काहीच कमी झालेलं नाही.

एका माणसामागे दीड किलो साखर जाणाऱ्या घरात बहुतेक वेळा माणसं जास्त गोड खात नसतात, चहाला येणारे-जाणारे जास्त असतात. पाहुण्यांचे कप वेगळे मोजा.

## खरा आकडा घरातून कसा काढायचा

वरचे आकडे सुरुवातीला यादी लिहिण्यापुरते आहेत. आपल्या घराचा आकडा एका महिन्यात निघतो, आणि त्याची रीत विजेच्या मीटरसारखी आहे: पहिल्या तारखेचं वाचन, शेवटच्या तारखेचं वाचन, मधला फरक हा खप. वर्षाचं बिल पाहून रोज किती युनिट लागली हे कळत नाही, तसंच वाण्याचं बिल पाहून खप कळत नाही. बिल फक्त किती आणलं ते सांगतं.

पहिल्या तारखेला पाचही जिनसांचे डबे वजन करून लिहा. महिनाभरात जे आणाल ते लिहा. शेवटच्या तारखेला पुन्हा वजन करा. सुरुवातीचा साठा अधिक आणलेलं वजा उरलेलं, हा खप. सोबत कॅलेंडरवर ताटं मोजा. ताट म्हणजे एका माणसाचं एका वेळचं पूर्ण जेवण.

नाशिकचं एक तीन माणसांचं घर घेऊ. नवरा, बायको आणि सासूबाई. पीठ पहिल्या तारखेला ३.२ किलो होतं, महिन्यात गिरणीतून १४ किलो आलं, शेवटी ४.१ किलो उरलं. खप १३.१ किलो. तिघांची दोन वेळची ताटं १८०. नवरा वीस दुपारी कँटीनमध्ये जेवला, ती वीस वजा. पाहुण्यांची १४ ताटं अधिक. राहिली १७४. भागाकार केला की एका ताटाला ७५ ग्रॅम पीठ येतं. सकाळचं थालीपीठही याच ७५ ग्रॅममध्ये आलं, ते वेगळं काढायची गरज नाही.

हा ७५ चा आकडा या घराचा स्वतःचा. पुढच्या महिन्यात सासूबाई पंधरा दिवस लेकीकडे जाणार असतील तर तीस ताटं कमी. १४४ गुणिले ७५, म्हणजे १०.८ किलो. हातात ४.१ आहे, शेवटी आठवड्याचा साठा म्हणून अडीच किलो ठेवायचा, तर नऊ-सव्वानऊ किलो पीठ पुरे. अंदाजाने पुन्हा चौदा किलो दळून आणलं असतं, तर पाच किलो शिळं होत बसलं असतं.

आकडा विचित्र आला तर कारण शोधायचं. ताटामागे ११० ग्रॅम पीठ निघालं आणि माणसं दोन-दोनच पोळ्या खातात, तर एकतर पोळी जाड आहे, किंवा रोज चार पोळ्या उरून गाईला किंवा कचऱ्यात जातात. दोन दिवस उरलेल्या पोळ्या मोजल्या की कळतं. उलट ५० ग्रॅमच निघालं तर भात जास्त आहे का, किंवा आयतं ब्रेड-पाव-बिस्किट वाढलंय का ते पाहा. तेही धान्यच आहे.

## “सगळे प्रौढ सारखेच खातात का?”

नाही. त्यासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेचेच उर्जेचे आकडे उपयोगी पडतात. बैठं काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज २११० कॅलरी धरली आहे, तसंच काम करणाऱ्या स्त्रीची १६६०. मध्यम कष्टाच्या पुरुषाला २७१० आणि जड अंगमेहनतीच्या पुरुषाला ३४७०. म्हणजे ऑफिसातल्या पुरुषाला एक मानलं, तर तशीच बैठी स्त्री पाऊणच्या थोडी वर, आणि ऊसतोड किंवा हमाली करणारा माणूस दीडपटीपेक्षा जास्त. आपल्या पुण्याच्या माणसाचा सात किलोचा आकडा हमालाला लावला तर तो उपाशी राहील. बाहेर न जेवणाऱ्या अशा माणसाला महिन्याला बारा किलोच्या आसपास धान्य लागतं.

कष्टाचं काम करणाऱ्याचं ताट वेगळं मोजलं तरच भागाकार खरा येतो. त्याचं एक ताट दीड म्हणून लिहिलं तरी चालेल.

## किती दिवसांचं भरायचं

महिन्याची गरज निघाली म्हणजे महिन्याभराचं एकदम आणावं असं नाही. तांदूळ, तूरडाळ आणि साखर कोरड्या डब्यात महिनाभर आरामात राहतात, त्यांचा आठवड्याचा जादा साठाही ठेवता येतो. पिठांचं तसं नाही. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागतं, कारण तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि उलटताना तुटते. म्हणून ज्वारी-बाजरी महिन्याची आणा, पण दळण आठवड्याचं करा. गव्हाची कणीक पंधरा दिवस ठीक राहते, पावसाळ्यात त्याहून कमी.

गहू विकत घेऊन दळणाऱ्यांनी पिठाचा आकडा गव्हात बदलताना किलोमागे पन्नासेक ग्रॅम घट धरावी: निवडताना निघालेले खडे-काडीकचरा, गिरणीतली घट आणि चाळणीवर राहिलेला कोंडा. सव्वाचार किलो पिठाला साडेचार किलो गहू. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरणाऱ्या घरात ते माणशी ५४ किलो होतात. वर्षाचं भरताना महिन्याच्या आकड्यातली अर्ध्या किलोची चूक सहा किलोंची होते, त्यामुळे निदान दोन साध्या महिन्यांची मोजणी झाल्याशिवाय वर्षाची ऑर्डर देऊ नये.

साधे महिने म्हणजे ज्यांत गणपती, दिवाळी, लग्नकार्य किंवा उपवासांची रांग नाही असे. श्रावणात उपवासाला साबुदाणा आणि भगर येते, धान्य खाली जातं. दिवाळीत तेल, साखर आणि बेसन दुपटी-तिपटीने वर जातात. फराळाची यादी कायम वेगळ्या कागदावर करा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचं वजन घराच्या नेहमीच्या आकड्यात मिसळू नका. घरात माणूस वाढलं, कुणाची नोकरी डब्याची झाली किंवा कँटीनची झाली, गव्हाच्या जागी ज्वारी सुरू झाली, की पुन्हा एक महिना डबे वजन करायचे.